बिटकॉइन ९ टक्के पडला, माझं कॉइन २६ टक्के कसं पडलं?

*"फोंड्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आजच्या भावानं क्रिप्टोत ६ लाख आहेत: ३ लाख बिटकॉइनमध्ये, दीड लाख एका जुन्या मोठ्या अल्टकॉइनमध्ये आणि दीड लाख एका नव्या छोट्या अल्टकॉइनमध्ये. या छोट्या कॉइनचा बिटकॉइनशी बीटा मी स्वतः शीटमध्ये काढला होता, वर्षभराच्या भावांवरून. तो आला १.३. मग परवा रात्री दोनच्या सुमारास बिटकॉइन ९ टक्के खाली आला, तेव्हा हे कॉइन १२ टक्के पडायला हवं होतं. ॲपवर २६ टक्के दिसलं. माझं गणित चुकलं की बीटा ही भानगडच निरुपयोगी आहे? एकूण तोटा सव्वा लाखाच्या वर गेला तर मला दुकानाच्या मालाच्या पैशांना हात लावावा लागेल. सगळं विकून बिटकॉइनमध्ये टाकू, की स्टॉप-लॉस लावून गप्प बसू? शीट सोबत पाठवतोय."*

*– एक वाचक, फोंडा*

तुमची शीट उघडून पाहिली. सूत्र बरोबर आहे, बेरीज-वजाबाकीत कुठं घोळ नाही. तरी तो १.३ हा आकडा, म्हणजे बिटकॉइन एक टक्का हलला की कॉइन १.३ टक्के हलतं हा हिशेब, मी पोझिशन, म्हणजे कशात किती पैसे ठेवायचे ते, ठरवायला वापरला नसता. त्याच्यात एक चूक आहे ती घड्याळाची, आणि दुसरी गोष्ट चूक नाही पण तुम्ही त्याला जो प्रश्न विचारताय त्याचं ते उत्तरच नाही.

आधी घड्याळ. बिटकॉइनचे भाव तुम्ही डॉलरमध्ये घेतलेत, जागतिक एक्सचेंजच्या रोजच्या कँडलवरून, म्हणजे एका दिवसाच्या भावांच्या नोंदीवरून. ही कँडल युटीसी वेळेप्रमाणे मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. छोट्या कॉइनचे भाव मात्र तुमच्या भारतीय ॲपमधून घेतलेत, रुपयांत, आणि तिथला दिवस आपल्या रात्री बाराला संपतो. मधल्या साडेपाच तासांचं काय होतं बघा. समजा १३ तारखेच्या रात्री दोन वाजता दोन्ही एकदमच पडले. बिटकॉइनची पडझड १२ तारखेच्या कँडलमध्ये मोजली जाते, कारण ती कँडल अजून बंद व्हायची असते. कॉइनची पडझड मात्र तुमच्या शीटमध्ये १३ तारखेच्या ओळीत बसते. शीटला वाटतं की १२ ला बिटकॉइन पडला तेव्हा कॉइन शांत होतं, आणि १३ ला कॉइन उगाचच पडलं. अमेरिकी शेअर बाजार आपल्याकडे रात्री दीड-अडीचला बंद होतो, त्यामुळं या तासांत हालचाल बरीच असते. २४ पैकी साडेपाच तास म्हणजे जवळपास चौथा हिस्सा चुकीच्या ओळीत गेला, आणि बीटाही साधारण तेवढाच खाली आला.

हे असंच झालंय का, ते तपासायची एक सोपी युक्ती आहे. आजच्या कॉइनचा उतार कालच्या बिटकॉइनवर काढून बघायचा. शीटमध्ये A ला तारीख, B ला बिटकॉइनचा बंद भाव, C ला कॉइनचा बंद भाव, जुनी तारीख वर. D आणि E मध्ये रोजचा परतावा लॉगरिदममध्ये:

```
D3: =LN(B3/B2)
E3: =LN(C3/C2)
साधा बीटा:      =SLOPE(E3:E367,D3:D367)
कालचा बिटकॉइन:  =SLOPE(E4:E367,D3:D366)
```

दुसरा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. आजचं कॉइन कालच्या बिटकॉइनकडे बघून हलत असेल तर एक तर वेळा जुळत नाहीत, नाही तर कॉइनचा भाव शिळा आहे, म्हणजे शेवटचा सौदा तासन्‌तास आधीचा आहे. रुपयांच्या जोड्यांत छोट्या कॉइनबाबत हे दुसरं कारणही नेहमीचंच. तुमच्या शीटमध्ये हा आकडा ०.४ आला. मग मी दोन्ही भाव एकाच एक्सचेंजवरून, दोन्ही टेथर या डॉलरशी बांधलेल्या नाण्याच्या जोडीत, दोन्ही पहाटे साडेपाचच्या बंद भावाचे घेतले. बीटा १.७ आला आणि कालच्या बिटकॉइनचा उतार जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे हरवलेले ०.४ तिथंच होते, शेजारच्या ओळीत.

तर निम्मं कोडं इथंच सुटलं असं म्हणायला हरकत नाही, पण १.७ नंही २६ टक्के येत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. ३६५ नं भागलं तर दिवसाला ८ मिलिमीटर. तुम्ही पन्हळी आणि पाइप विकत असाल तर तुम्हाला ठाऊक आहे की या ८ मिलिमीटरच्या हिशेबानं छपराला पन्हळ कुणी बसवत नाही. ती जुलैतल्या एका रात्रीच्या हिशेबानं बसवतात. वर्षभराच्या सगळ्या दिवसांवरून काढलेला बीटा हा तो ८ मिलिमीटरचा आकडा आहे. त्यात बिटकॉइन जेमतेम वर-खाली झालेले कितीतरी दिवस असतात, कॉइन स्वतःच्याच कुठल्या तरी बातमीवर एकटं चढलेले दिवस असतात, रविवारचे सुस्त दिवस असतात. तुम्हाला विचारायचंय ते वेगळं: बिटकॉइन जोरात पडतो त्या दिवशी हे कॉइन किती पडतं?

त्यासाठी फक्त तेच दिवस वेगळे काढायचे. मी ३ टक्क्यांची रेघ धरतो: ज्या दिवशी बिटकॉइन ३ टक्के किंवा जास्त पडला ते दिवस. त्या सगळ्या दिवसांतली कॉइनची एकूण घसरण भागिले बिटकॉइनची एकूण घसरण. बस्स.

```
किती दिवस:      =COUNTIF(D3:D367,"<=-0.03")
घसरणीचा बीटा:   =SUMIF(D3:D367,"<=-0.03",E3:E367)/SUMIF(D3:D367,"<=-0.03",D3:D367)
```

काही जण इथंही `SLOPE` च लावतात, गाळलेल्या दिवसांवर. मला ते पटत नाही. मोजक्या दिवसांवर उतार काढला की रेषा कुठून सुरू होते हे मोकळं राहतं. बिटकॉइन ३ टक्के पडला काय आणि ७ टक्के पडला काय, दोन्ही वेळा कॉइन दहाच्या आसपास पडत असेल, तर उतार अगदी कमी दिसेल आणि कॉइन गरीब वाटेल. वरचं भागाकाराचं गणित या फशी पडत नाही. मात्र एक पथ्य पाळा: दिवस निवडायचे ते बिटकॉइनकडे बघून, कॉइनकडे बघून नव्हे. कॉइन जोरात पडलं ते दिवस निवडले तर बीटा फुगणारच, कारण तुम्ही कॉइनचे वाईट दिवसच वेचून आणलेले असतात.

तुमच्या शीटमध्ये असे २२ दिवस निघाले. त्या दिवशी बिटकॉइन सरासरी ४.८ टक्के पडला, कॉइन १०.१ टक्के. बीटा २.१.

२२ दिवस पुरेसे आहेत का? जेमतेम. पंधरापेक्षा कमी निघाले तर रेघ २ टक्क्यांवर आणा किंवा दोन वर्षांचे भाव घ्या. कॉइन इतकं नवं असेल की दोन्ही शक्य नाही, तर त्याच जातीची, साधारण त्याच आकाराची तीन-चार जुनी कॉइन घ्या, त्यांचे आकडे काढा आणि त्यातला सगळ्यात मोठा वापरा. नव्या कॉइनला संशयाचा फायदा द्यायचा नसतो.

आणि २.१ हीसुद्धा सरासरीच आहे, पावसाळ्यातली सरासरी म्हणा हवं तर. एखाद्या दिवशी कॉइन दीडपट पडलं, एखाद्या दिवशी तिप्पट. पोझिशन ठरवताना मी त्या बावीस दिवसांचे वेगवेगळे भागाकार घेतो आणि वाईट बाजूकडचा आकडा उचलतो. पाचपैकी चार वेळा प्रत्यक्षात ज्याच्या आत राहिलं तो:

```
=PERCENTILE(FILTER(E3:E367/D3:D367,D3:D367<=-0.03),0.8)
```

तुमच्या छोट्या कॉइनचा हा आकडा २.६. हा आकडा जेमतेम चार-पाच वाईट दिवसांवर टेकलेला आहे, त्यामुळं २.६ ऐवजी २.४ की २.८ यावर डोकं शिणवू नका. तो १.३ नाही, एवढं मात्र पक्कं आहे. मोठ्या जुन्या कॉइनचं हेच गणित केलं तर १.४ येतं.

इथं तुमच्या शीटच्या समासातली एक टीप पाहिली, तिच्याबद्दल बोलायला हवं. तिथं तुम्ही लिहिलंय, 'सहसंबंध ०.६, म्हणजे बिटकॉइनशी फारसं बांधलेलं नाही, सुरक्षित.' हा समज फार पसरलेला आहे. बीटा म्हणजे सहसंबंध गुणिले दोघांच्या चढउताराचं गुणोत्तर. बिटकॉइन रोज सरासरी २ टक्के हलत असेल आणि कॉइन ६ टक्के, तर सहसंबंध ०.६ असूनही बीटा १.८ होतो. सहसंबंध सांगतो की दोघं किती वेळा एका दिशेला जातात, किती जोरात जातात ते सांगत नाही. उलट कमी सहसंबंध आणि मोठा चढउतार ही जोडगोळी जास्त त्रासदायक, कारण कॉइन बिटकॉइनबरोबर पडतंच आणि वर स्वतःच्या कारणांनीही पडतं.

आता त्या रात्रीकडे येऊ. पहाटे साडेपाचच्या बंद भावाला बिटकॉइन ७ टक्के खाली होता आणि तुमचं कॉइन १७ टक्के. लॉगरिदममध्ये मोजलं तर २.६ पट, म्हणजे आपण काढलेल्या वाईट बाजूच्या आकड्यावर बरोबर. तुम्ही ॲपवर पाहिलेले ९ आणि २६ हे रात्री दोनच्या तळाचे आकडे होते आणि तिथं प्रमाण ३.२ होतं. दोन्ही खरे आहेत. बंद भावावर काढलेल्या बीटाला रात्रीचा तळ दिसतच नाही, कारण पहाटेपर्यंत भाव थोडा वर आलेला असतो.

तळाला प्रमाण का वाढतं? बिटकॉइन पडायला लागला की उधारीवर घेतलेल्या फ्यूचर्स पोझिशन्स एक्सचेंज आपोआप विकून टाकतं. अनेकांनी तारण म्हणून अल्टकॉइनच ठेवलेली असतात, त्यामुळं बिटकॉइनमधला तोटा भरून काढायला विकलं जातं ते अल्टकॉइन. त्याच वेळी दोन्ही बाजूंना भाव लावणारे मार्केट मेकर आपल्या ऑर्डरी काढून घेतात. बिटकॉइनच्या ऑर्डर बुकमध्ये तरीही खरेदीदारांचे थर उरतात. छोट्या कॉइनच्या बुकमध्ये मुळात थरच पातळ असतात, ते उचलले की खाली पोकळी. १० ऑक्टोबर २०२५ ला हेच झालं, आपल्याकडे तेव्हा ११ तारखेची पहाट व्हायची होती. चिनी मालावर १०० टक्के जादा कर लावण्याची अमेरिकी अध्यक्षांची घोषणा आली, १९ अब्ज डॉलरहून अधिकच्या पोझिशन्स लिक्विडेट, म्हणजे सक्तीनं बंद, झाल्याची नोंद झाली. बिटकॉइन दिवसाच्या वरच्या पातळीपासून तळापर्यंत दहा टक्क्यांहून जास्त पडला, आणि कित्येक अल्टकॉइन काही मिनिटांसाठी निम्म्याहून खाली गेली. ATOM सारखं जुनं कॉइन एका एक्सचेंजवर क्षणभर जवळपास शून्यावर दिसलं. नुसत्या बंद भावांची शीट पाहणाऱ्याला त्या मिनिटांचा पत्ताही लागणार नाही.

तळाचा बीटा हवा असेल तर दोन रकाने आणखी करा: दिवसाचा नीचांक भागिले आदल्या दिवसाचा बंद भाव, दोन्हींसाठी, `LN` मध्येच. त्यावर हेच भागाकाराचं गणित. कुठला आकडा वापरायचा हे तुमच्यावर अवलंबून आहे. तुम्ही उधारीवर खेळत असाल, स्टॉप-लॉस लावत असाल, किंवा रात्री दोनला लाल आकडा बघून विकायचा हात होत असेल, तर तळाचा बीटा तुमचा. पडझड बसून काढणार असाल तर बंद भावाचा २.६ चालेल. उधारी नाही असं शीटवरून दिसतंय, म्हणून मी पुढं २.६ धरतो.

पोझिशन ठरवायला बीटाबरोबर दोन आकडे लागतात आणि ते दोन्ही बाजार देत नाही, तुम्ही द्यायचे असतात. बिटकॉइनची किती टक्के पडझड गृहीत धरायची, आणि तेव्हा किती रुपये गेलेले चालतील. दुसरा तुम्ही दिलाच आहे, सव्वा लाख. पहिला मी २० टक्के धरतो.

बीटा गुणिले २० असा सरळ गुणाकार मात्र करू नका. आपण परतावे लॉगरिदममध्ये मोजलेत, तर परत येतानाही त्याच वाटेनं यायचं:

```
कॉइनची घसरण = 1-(1-0.20)^बीटा
```

२.६ बीटाच्या कॉइनसाठी हे येतं ४४ टक्के. सरळ गुणाकारानं ५२ आले असते. पडझड जितकी मोठी, तितका हा फरक वाढतो. ४ बीटाचं कॉइन आणि ३० टक्के पडझड घेतली तर सरळ गुणाकार म्हणतो १२० टक्के तोटा, आणि उधारीशिवाय विकत घेतलेलं कॉइन शंभराच्या वर कसं पडणार? मोठ्या कॉइनसाठी १.४ नं येतात २६.८ टक्के.

तुमची आजची मांडणी या कसोटीला लावू. बिटकॉइनचे ३ लाख २० टक्क्यांनी पडले तर ६०,००० गेले. मोठ्या कॉइनच्या दीड लाखांतून ४०,२००. छोट्याच्या दीड लाखांतून ६६,०००. एकूण १,६६,२००. सव्वा लाखाच्या मर्यादेच्या ४१,००० वर. आणि यात छोटं कॉइन पैशांच्या चौथ्या हिश्श्याचं असूनही तोट्यात त्याचा वाटा बिटकॉइनपेक्षा मोठा आहे. 'निम्मे पैसे बिटकॉइनमध्ये आहेत' हा दिलासा रुपयांच्या रकान्यात खरा आहे, पडझडीच्या रकान्यात नाही. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर तुमचे ६ लाख पडताना ८ लाख ३१ हजारांच्या बिटकॉइनसारखे पडतात.

हे तोटे मी सरळ बेरीज करून मिळवलेत, 'दोन वेगळी कॉइन आहेत, एक पडलं तर दुसरं सावरेल' अशी सूट दिली नाही. शांत दिवसांत ती सूट मिळते. बिटकॉइन २० टक्के पडतो त्या दिवशी नाही.

आता उलटं मोजू. बिटकॉइन आहे तसा ठेवला तर त्याचे ६०,००० धरून ६५,००० उरतात. ते दोन अल्टकॉइनमध्ये सारखे वाटले, प्रत्येकी ३२,५००. परवडणारा तोटा भागिले अपेक्षित घसरण म्हणजे पोझिशन. मोठ्या कॉइनसाठी ३२,५०० भागिले ०.२६८, सुमारे १ लाख २१ हजार. छोट्यासाठी ३२,५०० भागिले ०.४४, सुमारे ७४ हजार. म्हणजे छोट्यातली पोझिशन निम्मी होते, मोठ्यातली थोडी कमी, आणि जवळपास १ लाख ५ हजार रुपये मोकळे होतात. ते परत बिटकॉइनमध्ये घालायचे नाहीत, नाही तर गणित पुन्हा बिघडेल. ते बँकेत किंवा दुकानात.

तुम्ही विचारलेला पर्याय, सगळं बिटकॉइनमध्ये टाकायचा, याच मोजपट्टीवर बघा. ६ लाखांचे २० टक्के, १ लाख २० हजार. तोही मर्यादेत बसतो. म्हणजे दोन्ही मार्ग पडझडीत जवळपास सारखेच दुखतात. पहिल्यात ४ लाख ९५ हजार बाजारात आणि लाखभर हातात, दुसऱ्यात सगळे ६ लाख बाजारात पण एकाच, तुलनेनं कमी पडणाऱ्या नाण्यात. अल्टकॉइनवर तुमचा खरोखर काही विश्वास असेल, कशावर तरी आधारलेला, तर पहिला. 'भाव वाढतोय म्हणून घेतलं' एवढंच कारण असेल तर दुसरा. माझा कल विचाराल तर छोट्या कॉइनबद्दल तुमच्या पत्रात एकही कारण सापडलं नाही, आणि ते मला बोलकं वाटलं.

२० टक्के हा तळ आहे असं मात्र समजू नका. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडला होता. ३५ टक्क्यांची पडझड धरली तर सुधारलेल्या मांडणीतूनही २ लाख १० हजारांच्या आसपास जातात. एकदम इतकं पडल्यावर दुकानाच्या मालाला हात लागणारच असेल तर २० च्या जागी ३५ टाकून वरचं गणित पुन्हा करा. पोझिशन आणखी लहान निघतील. त्या तशाच घ्या, आकडा आवडेपर्यंत बीटा खाली ओढू नका.

स्टॉप-लॉसबद्दल. तुमच्या ॲपवर जो मिळतो तो बहुधा स्टॉप-लिमिट असेल: भाव एका पातळीला आला की दुसऱ्या एका पातळीला विक्रीची ऑर्डर लागते. बुकमध्ये पोकळी पडते तेव्हा भाव दोन्ही पातळ्या ओलांडून खाली जातो आणि ऑर्डर वरच लटकत राहते, विक्री होतच नाही. लिमिटशिवायचा स्टॉप लावला तर विक्री होते, पण पोकळीच्या तळाशी, आणि तासाभरात भाव वर आलेला असतो. छोट्या कॉइनमध्ये पोझिशनचा आकार हाच खरा स्टॉप-लॉस, कारण तो आधीच लागू झालेला असतो.

कराचा भाग थोडक्यात, कारण तुमचा सीए तो जास्त नीट सांगेल. क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडे २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात जमा मिळतो पण तोवर पैसे अडकतात. याचा आपल्या विषयाशी संबंध एवढाच की बीटा हलला म्हणून दर आठवड्याला पोझिशन कापत-वाढवत बसणं इथं महाग पडतं. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पडझडीनंतर आकडे नव्यानं काढा. पोझिशन हव्या त्या आकारापेक्षा चतुर्थांशाहून जास्त मोठी झाली असेल तरच हात लावा. त्याहून कमी फरक असेल तर नवी खरेदी थांबवून तो आपोआप भरू द्या.

एक ठिकाण असं आहे जिथं आकडा तुम्हाला मुद्दाम गोंजारेल. छोटं कॉइन एखाद्या महिन्यात स्वतःच्या बातमीवर दुप्पट झालं की त्या काळात ते बिटकॉइनकडे बघतच नाही, आणि साधा बीटा खाली येतो, कधी एकच्याही खाली. नेमकी तेव्हाच तुमची पोझिशन रुपयांत फुगलेली असते. घसरणीच्या दिवसांचा बीटा एवढा सहज फसत नाही, तरीही तो अचानक कमी झालेला दिसला तर त्या २२ दिवसांची यादी उघडून बघा की कुठले दिवस नव्यानं आत आले आणि कुठले वर्षाच्या खिडकीतून बाहेर पडले. बहुतेक वेळा कारण तिथंच असतं: वर्षापूर्वीची एक मोठी पडझड यादीतून गळालेली असते. असं झालं तर ती हातानं परत आत घ्या.

छोटं कॉइन निम्मं करताना शुक्रवार-शनिवारच्या रात्री विकू नका, बुक तेव्हा आणखी पातळ असतं. विकण्याआधी तुमच्या ॲपच्या ऑर्डर बुकमध्ये खरेदीच्या ऑर्डरी वरून मोजत जा: ७६ हजारांचं कॉइन विकायला किती खालपर्यंत उतरावं लागतंय? एक टक्क्याच्या आत बसत असेल तर एका लिमिट ऑर्डरमध्ये काम उरका. तीन-चार टक्के खाली जावं लागत असेल तर तीन तुकडे करा आणि संध्याकाळी सात-आठनंतर, अमेरिकेतला बाजार उघडा असताना, वेगवेगळ्या दिवशी विका. आणि शांत दिवशीच ते तीन-चार टक्के निघत असतील, तर २.६ च्या जागी तळाचा बीटा घेऊन ७४ हजारांचा आकडा पुन्हा काढा.